पैसेवारी, उपग्रह आणि 'पुरेसा चांगला' निर्णय

माणगंगेची_माधुरी

मी पदवीच्या वर्गाला लोकप्रशासन शिकवते. दरवर्षी निर्णयप्रक्रियेच्या धड्यावर माझी गाडी अडते, म्हणून हा धागा काढतेय.

धड्यात दोन बाजू समोरासमोर उभ्या असतात. एक सर्वंकष तर्कसंगत प्रतिमान: आधी उद्दिष्टं ठरवा, सगळे पर्याय मांडा, प्रत्येकाचे परिणाम मोजा आणि सर्वोत्तम तो निवडा. दुसरी बाजू अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांची. ते म्हणतात की माणसाकडे वेळ कमी, माहिती अर्धवट आणि डोकं एकच. म्हणून तो मनाशी एक पातळी ठरवतो आणि त्या पातळीला उतरणारा पहिला पर्याय सापडला की शोध थांबवतो. याला त्यांनी 'सॅटिस्फायसिंग' असा शब्द दिला.

मुलं विचारतात, "मॅडम, आपल्याकडचं उदाहरण द्या." माझे वडील तलाठी होते, त्यामुळे मला पैसेवारीच आठवते, म्हणजे गावचं पीक रुपयात किती पैसे आलं तो अंदाज. पीक ५० पैशांच्या खाली गेलं की टंचाई, वर राहिलं की नाही. सायमन यांची 'पातळी' याहून उघडी कुठे दिसणार? मग २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेने दुष्काळ ठरवताना पैसेवारी बाजूला केली आणि पाऊस, पेरणी, उपग्रहावरून पिकांचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, धरणं-भूजल असं सगळं बघायला सांगितलं. मी वर्गात म्हणते की हा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झालेला प्रवास आहे.

पण २०२३ मध्ये ऑक्टोबरअखेर त्या पद्धतीने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि नोव्हेंबरमध्ये लगेच हजाराहून जास्त महसूल मंडळं 'दुष्काळसदृश' म्हणून जोडली गेली. त्यांच्यासाठीचा नियम एका ओळीचा होता: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी. म्हणजे एवढी यंत्रणा चालवून शेवटी पुन्हा ढोबळ नियमच? मग माझं उदाहरण चुकतंय का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगावं.

अभ्यासिका_रात्रपाळी

ताई, माझा ऐच्छिक विषय हाच होता म्हणून लिहितो. सायमन यांचं म्हणणं सोपं आहे. माणूस तर्काने वागत नाही, भावनेने आणि सवयीने वागतो. म्हणून प्रशासनात तडजोड होते आणि मध्यम दर्जाचा निर्णय निघतो. सर्वंकष प्रतिमान हा आदर्श आणि सॅटिस्फायसिंग ही वस्तुस्थिती. उत्तरात एवढं लिहिलं की गुण मिळतात.

विदा_विहीर

माधुरीताई, तुमचं उदाहरण बरोबरच आहे. मी उपग्रहचित्रांवर काम करतो, दुष्काळाच्या कामातही थोडा होतो. २०१८ मध्ये याच पद्धतीने १५१ तालुके निघाले, त्यात ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. जुन्या पद्धतीत एक तलाठी बांधावर उभा राहून "आठ आणे पीक दिसतंय" म्हणायचा. आता पावसाची चाळणी आधी लागते, मग पिकावर, ओलीवर, पाण्यावर काय परिणाम झाला ते बघितलं जातं आणि त्यातून उरलेल्या तालुक्यांत दहा टक्के गावं निवडून शेतात जाऊन खात्री करतात. ॲपवर अक्षांश-रेखांशासह फोटो चढतो. यात राजकीय दबावाला जागा फार कमी आहे. २०२३ ची मंडळं ही नंतरची राजकीय भर, ती पद्धतीच्या माथी मारू नका.

जुना_तलाठी

विदाभाऊ, बांधावर उभं राहून आम्ही पैसे टाकत नव्हतो. निदान सगळे टाकत नव्हतो. पैसेवारी कशी होते ते एकदा नीट लिहितो, मग भांडू.

पहिली ती नजर-पैसेवारी, सप्टेंबरअखेरची. तेव्हा पीक उभं असतं, म्हणून ती नजरेचीच. मग सुधारित, मग अंतिम. प्रत्येक गावाला समिती असते. मंडळ अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच आणि काही शेतकरी. हलकी, मध्यम, भारी अशा जमिनी बघून प्लॉट टाकायचे. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन, चार खुंट्या, सुतळी. आतलं पीक कापायचं, मळायचं, ताणकाट्यावर तोलायचं. दहा बाय दहा म्हणजे एक आर, त्यामुळे किलोला शंभराने गुणलं की हेक्टरी उत्पन्न. ते त्या पिकाच्या प्रमाण उत्पन्नाशी ताडायचं. प्रमाणाइतकं पिकलं तर शंभर पैसे.

माझ्या एका गावाचा हिशेब मला तोंडपाठ आहे. बाजरी ३०० हेक्टर, तूर १००. बाजरीचं प्रमाण हेक्टरी आठ क्विंटल. आमच्या प्लॉटांची सरासरी निघाली साडेतीन किलो, म्हणजे हेक्टरी साडेतीन क्विंटल. बाजरी ४४ पैसे. तूर फुलोऱ्यात उभी होती, ती समितीने नजरेने ६८ धरली. क्षेत्राप्रमाणे वजन दिलं:

३०० × ४४ = १३,२००
१०० × ६८ = ६,८००
एकूण २०,००० ÷ ४०० = ५०

बरोब्बर ५०. आणि सवलत ५० च्या खाली असेल तर. सरपंच माझ्याकडे बघतोय, मी कागदाकडे.

प्लॉटात शंभर ग्रॅम बाजरी कमी भरली असती तर गाव ५० च्या खाली गेलं असतं. शंभर ग्रॅम म्हणजे दोन मुठी. त्यात दाणे ओले होते की वाळलेले यावरही तेवढा फरक पडतो. त्या दोन मुठींवर चालू वीजबिलातली ३३.५ टक्के सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी, सगळं लटकलेलं.

कोकणकडा_७

काका, शेवटी किती लिहिलंत?? असं मध्येच सोडू नका.

बांधावरचा_भाऊ

आमच्याकडेही हेच झालं. मागच्या खरिपाला सोयाबीन गेलं, गावची पैसेवारी ४६ लागली, तरी विम्याचा एक रुपया आला नाही. कंपनी म्हणते तुमचं मंडळ बसत नाही. पैसेवारी कमी असून विमा नाही हा कुठला न्याय? याबद्दल कुणाला तक्रार कुठे करायची माहीत असेल तर सांगा.

जुना_तलाठी

भाऊ, विम्याचा आणि पैसेवारीचा हिशेब वेगळा. विम्याचं उंबरठा उत्पन्न मंडळाचं असतं, मागच्या वर्षांच्या उत्पन्नावरून काढलेलं, आणि तिथले पीक कापणी प्रयोगही वेगळे. पैसेवारी गावाची. गाव ४६ आणि मंडळ बरं, असं होतं. तालुका कृषी कार्यालयात मंडळाचे कापणी प्रयोगाचे आकडे मागा, तिथून सुरुवात करा.

बांधावरचा_भाऊ

म्हणजे एकाच शेताला दोन मापं.

मिशिगन_काठ

तीन मापं, भाऊ. दुष्काळ जाहीर व्हायचा तो तालुक्याचा.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहते, मिलवॉकीच्या जवळ. सायमन इथलेच, १९१६ चा जन्म. त्यांच्या या विचाराची सुरुवात अगदी साध्या ठिकाणी झाली आणि ती गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

१९३५ च्या सुमारास, शिकागो विद्यापीठात विद्यार्थी असताना, ते आपल्याच गावातल्या क्रीडांगणांचा कारभार अभ्यासायला आले. मैदानं दोन खाती मिळून चालवायची. शाळा मंडळ मुलांचे खेळ घेणारी माणसं नेमायचं आणि बांधकाम खातं मैदानांची निगा राखायचं. पैसा एकच. किती देखभालीला आणि किती खेळ घेणाऱ्यांना, यावर सतत कुरबूर. सायमन नुकतंच अर्थशास्त्र शिकलेले. त्यांना वाटलं, उत्तर सोपं आहे: शेवटचा डॉलर दोन्हीकडे सारखंच फळ देईल असं वाटप करा. प्रत्यक्षात असा हिशेब कुणीच करत नव्हतं, आणि करायचा म्हटला तरी जमला नसता. कापलेल्या गवताचं आणि पोरांना शिकवलेल्या खेळाचं फळ एका मापात मोजायचं कसं? बांधकामवाल्यांना चांगलं मैदान म्हणजे नीट राखलेलं मैदान, शाळावाल्यांना चांगलं मैदान म्हणजे खेळ घेणारं माणूस असलेलं मैदान. जो ज्या खुर्चीत, त्याला तेवढं जग दिसतं.

म्हणून अभ्यासिका यांच्याशी मी सहमत नाही. सायमन माणसाला अतार्किक म्हणत नाहीत. मैदानावरचे ते अधिकारी हुशार होते, विचार करत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न त्यांच्या हाताबाहेरचा होता. माणूस तर्काने वागू बघतो पण तर्काला कुंपण आहे, हे त्यांचं म्हणणं. भावना आणि सवयीचा मुद्दा वेगळा.

अभ्यासिका_रात्रपाळी

बरोबर, मी घाईत लिहिलं. पण तडजोड तर आहेच ना? 'चालतंय की' असं म्हणून थांबायचं.

जुना_तलाठी

'चालतंय की' आणि 'एवढं तरी झालंच पाहिजे' यात फरक आहे. पहिल्यात पातळीच नसते. दुसऱ्यात असते आणि तिच्याखाली गेलेलं परत पाठवतात.

ताईंनी खुर्चीचं लिहिलंय ते आमच्या समितीत बसल्यासारखं आहे. कृषी सहायकाला पीक बरं दिसायचं. त्याने बियाणं वाटलेलं असायचं, शेतीशाळा घेतलेल्या असायच्या. सरपंचाला वाईट दिसायचं. ग्रामसेवक गप्प. मला मधलं दिसायचं, कारण वरून प्रश्न आला तर शेजारच्या गावांपेक्षा फार वेगळा आकडा मला समजावून सांगावा लागला असता. एकाही माणसाला मी खोटारडा म्हणणार नाही. त्याच शेतात उभं राहून आम्ही चार पिकं बघत होतो.

विदा_विहीर

काका, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय. चार माणसांना चार पिकं दिसतात म्हणूनच उपग्रह हवा. त्याला खुर्ची नाही.

आणि कोकणकडा यांच्यासारखंच मलाही विचारायचंय, काय लिहिलंत?

मंत्रालय_तिसरा_मजला

निवृत्त आहे, सचिवालयात आयुष्य गेलं. दोघांनाही थोडं थांबवते.

विदा_विहीर, उपग्रहाला खुर्ची नाही हे खरं, पण त्याच्या चित्राला कुठली रेघ मारायची हे खुर्चीतला माणूस ठरवतो. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेलं की एक वर्ग, ५० च्या वर गेलं की दुसरा. ३३ का? ३० का नाही, ४० का नाही? हे उपग्रह सांगत नाही. पूर्वी ५० पैशांची एक रेघ होती, आता रेघांची चळत आहे, एकावर एक. पहिली पावसाची, आणि तिथे जो तालुका बाद झाला त्याचं पीक कसं आहे हे कुणी बघायलाच जात नाही. सायमन यांचं 'शोध कुठे थांबवायचा' ते नेमकं इथे घडतं.

आणि माधुरीताई, तुमच्या उदाहरणात मला खटकलेली गोष्ट ही. संहितेमुळे माहिती वाढली, पर्याय वाढले नाहीत. सर्वंकष प्रतिमानात गावागणिक प्रश्न असा हवा: या गावाला टँकर, चारा, रोजगार हमीची कामं, कर्जाची मुदत की थेट पैसे, यातलं काय किती दिलं तर सगळ्यात जास्त उपयोग होईल आणि त्यासाठी दुसऱ्या कुठल्या गावाचं काय कमी होईल? हा प्रश्न फाईलवर येतच नाही. सवलतींची यादी आधीच ठरलेली आहे, आठ बाबींची. तालुका बसला की आठही लागू, नाही बसला तर एकही नाही. हे जास्त डोळ्यांनी केलेलं सॅटिस्फायसिंग आहे. त्याला सर्वंकष म्हणू नका.

माणगंगेची_माधुरी

मी दहा वर्षं वर्गात हे चुकीचं सांगत आले. माहिती भरपूर म्हणजे सर्वंकष, असं मी धरलं होतं. धन्यवाद.

पण मग विचारते, खरोखर सर्वंकष असं कधी कुणी करून बघितलं का आपल्याकडे?

मंत्रालय_तिसरा_मजला

बघितलं. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९८६ च्या सुमाराला, महाराष्ट्राने शून्याधारित अर्थसंकल्प आणला. मागच्या वर्षी मिळालं म्हणून यंदा मिळेल, हे बंद. प्रत्येक योजना शून्यापासून सिद्ध करा: गरज काय, दुसरा मार्ग कोणता, बंद केली तर काय बिघडेल. कल्पना मला आजही पटते. त्या निमित्ताने काही जुन्या योजनांकडे पहिल्यांदा कुणीतरी बघितलं, हेही खरं.

आमच्या टेबलावर काय झालं ते सांगते. खात्याचं नाव नको. योजनांची चळत आणि हातात थोडे आठवडे. सुरुवातीच्या पाच-सहा योजनांना मी खरोखर बसून पर्याय लिहिले. एका छोट्या योजनेचा 'बंद केल्यास परिणाम' लिहायला मी तीन जिल्ह्यांना पत्रं पाठवली आणि उत्तर एकाचंच आलं. पुढे रोज रात्री नऊ वाजायला लागले. मग आम्ही मागच्या वर्षीचा आकडा आधी लिहायचो, वर थोडी वाढ धरायचो आणि त्या आकड्याला शोभेल असं समर्थन मागाहून लिहायचो. फॉर्म शून्यापासूनचा, डोकं मागच्या वर्षापासूनचं. मला त्याचं वाईट वाटायचं.

अमेरिकन अभ्यासक चार्ल्स लिंडब्लॉम यांनी १९५९ मध्ये हेच मांडलं होतं की अधिकारी मुळापासून विचार करत नाहीत, फांद्यांवर काम करतात. मागच्या धोरणात थोडा बदल, त्याचं काय होतं ते बघा, पुन्हा थोडा बदल. मी ते निवृत्त झाल्यावर वाचलं आणि तो फॉर्म डोळ्यासमोर आला.

गोदावरी_गट्टू

म्हणजे आमच्या घरचा दिवाळीचा हिशेब. मागच्या वर्षी फराळाला किती लागलं, त्यावर दोन किलो बेसन जास्त.

मिशिगन_काठ

आणि दोन किलो जास्त झाले की पुढच्या वर्षी एक किलो कमी. हाच लिंडब्लॉम 😀

विदा_विहीर

तिसरा मजला यांचा मुद्दा पटला, रेघ माणूसच मारतो. पण एक सांगतो, रेघ किती ठिकाणी आणि कुणाच्या हातात हाही फरक आहे. ५० पैशांच्या रेघेला गावागावात हात लागायचा. राज्यात ४० हजारांवर गावं, प्रत्येक समितीला रेघ आधीच माहीत. अशा वेळी काय होतं ते आकड्यांवरून ओळखता येतं: गावांची पैसेवारी क्रमाने मांडायची आणि ५० च्या दोन्ही बाजूंना बघायचं. पिकं निसर्गाने ठरवली असतील तर ४८-४९ ची गावं आणि ५०-५१ ची गावं साधारण सारखी असायला हवीत. एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला की समजायचं, ताणकाट्याशिवाय दुसरं काहीतरी तोलतंय. उपग्रहाच्या आकड्यात हा ढीग नसतो, कारण चित्र काढणाऱ्याला गावचा सरपंच भेटत नाही.

जुना_तलाठी

बरोबर. आणि ढीग नेहमी खालीच असतो असं नाही. वरून "यंदा परिस्थिती बरी आहे" असा निरोप आलेल्या वर्षी तो ५० च्या वर सरकायचा. सगळा तालुका ५२, ५३, ५४. मी असं वर्ष बघितलंय. जनावरं बाजारात निघालेली आणि कागदावर ५३ पैसे.

पण तुमच्या चित्रातली गंमत सांगतो. गाजर गवत आणि वेड्या बाभळीने भरलेलं पडीक रान वरून हिरवंच दिसतं. आणि बाजरीचं पान हिरवं पण कणसात दाणा नाही, हे फुलोऱ्यात ताण बसला की होतं. ते कणीस चोळून बघितल्याशिवाय कळत नाही.

विदा_विहीर

हे मान्य. हिरवेपणा म्हणजे दाणा नव्हे. म्हणून तर दहा टक्के गावांत जाऊन बघायची तरतूद आहे. पण ती तपासणी वरच्या चाळण्यांतून उतरलेल्या तालुक्यातच होते. ज्या तालुक्यात पान हिरवं आणि कणीस पोकळ, तिथे कदाचित माणूस पोचणारच नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं.

बांधावरचा_भाऊ

आता मला समजलं तुम्ही काय बोलताय. आमचा तालुका तसाच आहे. पश्चिमेला डोंगर, तिकडे धो धो पाऊस. पूर्वेला आम्ही, कोरडे. तालुक्याची सरासरी काढली की सगळं छान. २०२३ ला तालुका यादीत नव्हता, पण नोव्हेंबरमध्ये मंडळांची यादी आली त्यात आमचं मंडळ आलं. तुम्ही त्याला राजकीय भर म्हणता. आम्हाला त्याच एका ओळीने वीजबिलात सूट मिळाली. मोठ्या यंत्राला आम्ही दिसलो नाही, ७५ टक्क्यांच्या साध्या रेघेला दिसलो.

कोकणकडा_७

👏

विदा_विहीर

भाऊ, 'राजकीय भर' हे शब्द मी मागे घेतो. तुमच्या तालुक्यात चूक एककाची आहे. डोंगर आणि पठार एकाच सरासरीत बसवले की कुठलीही पद्धत फसते. पण साध्या रेघेचीही उलटी बाजू आहे. मंडळाला पर्जन्यमापक एकच. तो ज्या गावात बसवलाय तिथे सप्टेंबरमध्ये एक जोरदार सर आली की अख्खं मंडळ बाद, शेजारच्या गावात थेंब नसला तरी. आणि चार महिन्यांच्या बेरजेत मधला पाच आठवड्यांचा खंड दिसतच नाही. पीक मेल्यानंतर पडलेला पाऊसही त्या बेरजेत धरला जातो.

अभ्यासिका_रात्रपाळी

एक शंका. सगळ्या गावांत प्लॉटही टाकायचे, उपग्रहही बघायचा, मंडळाचा पाऊसही घ्यायचा, आणि सगळं आल्यावरच ठरवायचं, असं का नाही करत? उशीर झाला तर झाला. अचूक तरी होईल.

मंत्रालय_तिसरा_मजला

कारण तूर जानेवारीत निघते आणि चारा डिसेंबरात संपतो. खरिपाचा दुष्काळ ऑक्टोबरअखेर जाहीर व्हायला हवा अशी अपेक्षा असते, ती यासाठीच. सगळी माहिती हातात येईल त्या दिवशी तुमचा निर्णय अचूक असेल आणि जनावरं विकून झालेली असतील. वेळ हाही पर्यायाच्या किमतीत धरायचा असतो. सर्वंकष प्रतिमानातली माहिती फुकट आणि तत्काळ मिळते, धड्यात हे लिहिलेलं नसतं.

अजून एक. पातळी स्थिर नसते. शोध सोपा गेला की ती वर चढते आणि काही मिळेना झालं की खाली येते, हेही सायमन यांचंच निरीक्षण. दुष्काळात एक उलटी गंमत होते. सगळीकडे दुष्काळ असला की तिजोरीकडे बघून 'गंभीर' या शब्दाचा अर्थ कडक होतो. मी अशा बैठकांत बसलेय. गावाची अवस्था तीच, पण शेजारी किती जण रांगेत आहेत त्यावर तिचं नाव बदलतं.

माणगंगेची_माधुरी

हे मी वर्गात सांगणार, तुमचा उल्लेख न करता.

आता माझा मूळ प्रश्न थोडा बदलून विचारते. पैसेवारी आणि संहिता दोन्ही सॅटिस्फायसिंगच, हे पटलं. मग कुठलं सॅटिस्फायसिंग बरं, हे कशावरून ठरवायचं? मला दोन गोष्टी सुचतात. चूक झाली तर ती कुणाला दिसते, आणि दुरुस्त करायला वाट आहे का? काका, पैसेवारीवर हरकती घ्यायची सोय होती ना?

जुना_तलाठी

होती. आकडा चावडीवर लावायचा, लोकांनी आक्षेप द्यायचे, मग सुधारित. तालुक्याच्या यादीवर बांधावरच्या माणसाने आक्षेप कुठे द्यायचा? त्याला त्या चित्रातलं काही वाचता येत नाही. ताणकाटा त्याला वाचता येतो. पैसेवारीत लबाडी झाली तरी ती गावासमोर व्हायची.

विदा_विहीर

गावासमोर व्हायची आणि गावाच्या संमतीने व्हायची, काका. शेजारच्या प्रामाणिक गावावर अन्याय करून. माझं मत अजून तेच आहे, फक्त मंडळाच्या पातळीवर उतरा आणि सगळे आकडे लोकांना समजतील असे चावडीवर लावा.

मिशिगन_काठ

काकांच्या हिशेबात एक गोष्ट मला सकाळपासून टोचतेय. साडेतीनला आठाने भागलं तर ४३.७५ येतात, ४४ नाही. पाव पैसा वर ढकलला. न ढकलता केलं तर

१३,१२५ + ६,८०० = १९,९२५ ÷ ४०० = ४९.८१

गाव ५० च्या खाली!

कोकणकडा_७

अरे देवा. म्हणजे दोन मुठीही नाहीत, पाव पैसा.

काका आता तरी सांगा.

जुना_तलाठी

ताई, तुम्ही शोधलंत ते त्या दिवशी सरपंचाच्या पुतण्यानेही शोधलं होतं. कॉलेजात शिकत होता. पण आमची रीत पूर्णांकात लिहायची, पीकवार पूर्णांक करून मग वजन. तसं सगळ्या गावांत केलेलं. एका गावात दशांश ठेवले असते तर बाकीच्या गावांचे कागद पुन्हा काढावे लागले असते. मी ५० लिहिलं.

गावाने आक्षेप दिला, बाजरीवर नव्हे, तुरीवर. म्हणाले, घाटेअळी पडलीय, ६८ कशी धरली? आम्ही पुन्हा गेलो. अळी खरंच होती, शेंगा पोखरलेल्या मी हातात घेऊन बघितल्या. समितीने तूर ६० केली. मग १३,२०० अधिक ६,००० भागिले ४००, म्हणजे ४८. अंतिम पैसेवारी ४८ लागली आणि गाव बसलं.

माणगंगेची_माधुरी

म्हणजे दुसऱ्या फेरीत दुरुस्ती झाली. मला हेच उदाहरण हवं होतं.

बांधावरचा_भाऊ

काका, तूर शेवटी किती उतरली?

जुना_तलाठी

हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. अंतिम लागल्यावर तो कागद बंद होतो, पुढे कुणी बघत नाही. मी बघितलं. जानेवारीत मळणी चालू असताना त्याच शेतांवरून गेलो. मधे थंडी चांगली पडली होती, लोकांनी फवारण्या केल्या होत्या आणि मागाहून आलेल्या शेंगा भरल्या होत्या. सात-आठ जणांना पोती विचारली आणि खिशातल्या डायरीत हिशेब केला. सत्तर पैशांच्या वर तूर होती.